दिवाळी ८ नोव्हेंबरला, पण दुकान २८ ऑक्टोबरलाच बंद: ऑनलाइन विक्रेत्याचे उलटे वेळापत्रक

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. बाजारपेठेत दुकान मांडून बसणाऱ्याची विक्री त्या दिवशी दुपारपर्यंत चालते. वेबसाइटवरून किंवा इन्स्टाग्रामवरून ऑर्डर घेऊन कुरिअरने माल पाठवणाऱ्याचे तसे नसते. त्याचा माल ग्राहकाच्या घरी सणाआधी पोहोचला पाहिजे, म्हणून त्याचे दुकान कुरिअरच्या शेवटच्या खात्रीच्या तारखेला बंद होते आणि ती तारीख दिवाळीच्या बरीच आधी येते. माल किती घ्यायचा आणि पैसे कधी अडकणार, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या तारखेवरून निघतात, त्यामुळे हिशेब तिथून सुरू करून मागे यायचा असतो. बहुतेक जण नेमके उलट करतात. आधी माल भरतात, मग जाहिरात लावतात आणि कुरिअरच्या तारखा ऑक्टोबरच्या शेवटी पाहतात.

समजा, नागपुरात महाल भागात राहणारी एक विक्रेती घडी होणारे कापडी आकाशकंदील विकते. माल स्थानिक कारागिराकडून घेते, स्वतःच्या वेबसाइटवर विकते आणि निम्म्याहून अधिक ग्राहक नागपूरबाहेरचे, मुख्यतः मुंबई-पुण्याचे आहेत. कंदील हा माल मुद्दाम निवडला आहे, कारण सणानंतर त्याला गिऱ्हाईक नसते. भंडाऱ्याकडची कोसा साडी दिवाळीनंतर लग्नसराईत विकली जाते. कंदील मात्र पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर जातो. पुढचे सर्व आकडे या काल्पनिक विक्रेतीचे आहेत. वाचकाने तिथे स्वतःचे आकडे घालावेत.

शेवटची तारीख कशी काढायची

कंदील धनत्रयोदशीला टांगलेला हवा, असे ग्राहक धरून चालतो. यंदा धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला, शुक्रवारी आहे, म्हणून माल ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत घरी पोहोचायला हवा. आता प्रश्न असा, की पार्सल पोहोचायला किती दिवस लागतात. इथे कुरिअर कंपनीने सांगितलेले दिवस घेऊ नयेत आणि सरासरीही घेऊ नये. सरासरी चार दिवस असेल, तर बरीच पार्सले पाचव्या-सहाव्या दिवशीही पोहोचलेली असतात आणि तक्रारी नेमक्या त्यांच्याच येतात. कुरिअरच्या पॅनेलवरून गेल्या हंगामातील पार्सलांची यादी उतरवून घ्यावी, उचलल्यापासून पोहोचेपर्यंतचे दिवस एका रकान्यात मांडावेत आणि दहापैकी नऊ पार्सले किती दिवसांत पोहोचली ते पाहावे. एक्सेलमध्ये हे एका ओळीत निघते:

```
=PERCENTILE.INC(B2:B301,0.9)
```

मुंबई-पुणे, दिल्ली-बेंगळुरू, ईशान्य भारत आणि विदर्भ यांच्या याद्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण त्या एकत्र केल्या की आकडा कोणालाच लागू पडत नाही. आपल्या विक्रेतीच्या यादीत मुंबई-पुण्यासाठी ५ दिवस निघाले, दिल्ली-बेंगळुरूसाठी ६, गुवाहाटीकडे १० आणि नागपूर शहरात २. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात हबवर माल साचतो आणि छठपूजेसाठी गावी जाणारे कामगारही याच सुमारास रजा घेऊ लागतात, म्हणून बाहेरगावासाठी वर २ दिवस धरले. मुंबई-पुण्यासाठी एकूण ७ दिवस झाले. ५ नोव्हेंबरमधून ७ वजा केले की २९ ऑक्टोबर येतो. हा पार्सल उचलण्याचा दिवस. पॅकिंगला एक दिवस लागतो, म्हणून ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख २८ ऑक्टोबर. दिल्ली-बेंगळुरूसाठी ती २७ ऑक्टोबर आणि गुवाहाटीसाठी २३ ऑक्टोबर निघते. या तारखा ग्राहकाला ऑर्डर देताना, पिनकोड टाकल्याबरोबर दिसल्या पाहिजेत. "दिवाळीपूर्वी डिलिव्हरी" एवढेच लिहिले, तर ग्राहक त्याचा अर्थ लक्ष्मीपूजन असा घेतो आणि कुरिअर काहीच घेत नाही.

नागपूरचा एक दिवस या मोजणीत वेगळा धरावा लागतो. विजयादशमी यंदा २० ऑक्टोबरला आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी त्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि परिसरातील रस्त्यांची वाहतूक वळवली जाते. पिकअपची गाडी त्या बाजूने येत असेल, तर १९ ते २१ ऑक्टोबर या तीन दिवसांत एखादा पिकअप चुकेल असे आधीच गृहीत धरावे आणि पार्सले शक्य तर स्वतः हबवर नेऊन द्यावीत.

गर्दीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. पिकअपचा मुलगा चाळीस पार्सले घेऊन जातो, कागदावर सहीही करतो, पण संध्याकाळी पॅनेलवर सव्वीसच स्कॅन झालेली दिसतात. उरलेली चौदा हबच्या कोपऱ्यात पोत्यात पडून असतात आणि त्यांचे दिवस अजून मोजायला सुरुवातच झालेली नसते. सही झाली म्हणजे माल निघाला असे समजू नये. पहिला स्कॅन पडला म्हणजे निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळीही "पिकअप पेंडिंग" दिसत असेल, तर लगेच फोन करावा, कारण हे चार दिवसांनी ग्राहकाच्या तक्रारीतून कळले तर उपाय उरत नाही.

माल किती घ्यायचा

आता विक्रीचे खरे दिवस दिसू लागतात. घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे. तेव्हापासून २८ ऑक्टोबरपर्यंत अठरा दिवस. बाहेरगावची दिवाळी एवढ्यातच करायची आहे. अंदाज बांधताना गेल्या वर्षीच्या तारखा जशाच्या तशा पाहून चालत नाही. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते आणि यंदा अधिक ज्येष्ठ महिना आल्याने ते अठरा दिवस पुढे गेले आहे. म्हणून विक्रीचा तक्ता तारखेनुसार न मांडता "लक्ष्मीपूजनाला उरलेले दिवस" यानुसार मांडावा. यंदाचा १७ ऑक्टोबर म्हणजे बावीस दिवस आधीचा दिवस, आणि त्याच्याशी जुळणारा गेल्या वर्षीचा दिवस २९ सप्टेंबर.

विक्रेतीचा मधला अंदाज ८०० कंदिलांचा आहे. म्हणून ८०० घ्यावेत का? त्याआधी एक कंदील कमी पडला तर काय जाते आणि एक उरला तर काय जाते, हे पाहिले पाहिजे. जीएसटी बाजूला ठेवून तिचा हिशेब असा आहे: विक्री ४५० रुपये, खरेदी १९०, पॅकिंग २०, कुरिअर ७५, जाहिरात आणि पेमेंटचा खर्च ५५. पोहोचलेल्या कंदिलामागे ११० रुपये उरतात. म्हणजे एक कमी पडला तर ११० रुपये गेले. साधा भगवा-पांढरा कंदील उरला, तर तो पुढच्या वर्षी थोडा स्वस्तात निघतो; साठवण आणि अडकलेले पैसे धरून समजा ६० रुपयांचा फटका. यंदाच्या फॅशनचा छापील कंदील उरला, तर पुढच्या वर्षी तो कोणी विचारत नाही. १९०पैकी जेमतेम ४० सुटतात आणि १५० बुडतात. यावरून नियम सरळ आहे: उरल्याचा फटका कमी पडल्याच्या फटक्यापेक्षा लहान असेल, तर मधल्या अंदाजापेक्षा थोडा जास्त माल घ्यावा, आणि मोठा असेल तर कमी घ्यावा. साधे कंदील हात सैल सोडून घ्यावेत, छापील हात राखून. मी पाहिलेल्या बहुतेक याद्यांमध्ये हे उलटे असते, कारण खरेदीला गेल्यावर मन छापील मालावरच जाते.

सगळा माल एकदम घेणे मात्र टाळावे. पहिली खेप ४५० नगांची, पितृपक्षात, म्हणजे २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबरच्या दरम्यान घ्यावी. त्या पंधरवड्यात बाजारात गिऱ्हाईक कमी असते, त्यामुळे माल एकेक उघडून तपासायला आणि भावात घासाघीस करायला वेळ मिळतो. दुसऱ्या खेपेचा निर्णय पहिल्या आठवड्याच्या विक्रीवर सोडावा, पण त्यालाही शेवटची तारीख आहे. कारागिराला माल द्यायला सहा दिवस लागतात. १७ ऑक्टोबरला रात्री ऑर्डर दिली तर माल २३ला येतो आणि विक्रीला पाच दिवस मिळतात. दसरा झाल्यावर, २१ला ऑर्डर दिली तर माल २७ला येतो, म्हणजे बाहेरगावच्या विक्रीसाठी तो जवळजवळ आलाच नाही असे धरावे.

गेल्या वर्षी २९ सप्टेंबरपर्यंत तिची एकूण विक्रीच्या पाव भाग विक्री झाली होती. यंदा १७ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत २०० कंदील गेले, तर एकूण अंदाज ८०० कायम राहतो आणि दुसरी खेप ३५०ची निघते. १३०च गेले असतील, तर एकूण ५२०च्या आसपास थांबेल आणि ७०च कंदील लागतील. तेवढ्यासाठी खेप न मागवलेलीच बरी.

२०० गेले असे धरू. तरीही मी ३५०ऐवजी ३०० घेईन आणि त्याचे कारण पगार. गेल्या वर्षी १ ऑक्टोबरच्या सुमाराचा पगार दिवाळीच्या वीस दिवस आधी हाती आला होता, म्हणजे ऑनलाइन खरेदीला भरपूर वेळ होता. यंदा ऑक्टोबरचा पगार ३१ तारखेला किंवा १ नोव्हेंबरला होईल, तोवर मुंबई-पुण्याची शेवटची तारीख उलटून गेलेली असेल. ज्यांची खरेदी पगारावर अवलंबून आहे, ते ग्राहक तिच्या हातून निसटतील. पण नागपुरातले निसटणार नाहीत. शहरात कुरिअरने २ नोव्हेंबरला उचललेले पार्सल वेळेत पोहोचते आणि स्वतःचा माणूस दुचाकीवर पाठवला तर ५ नोव्हेंबरपर्यंतही विक्री चालते. म्हणून एकूण ७५० कंदिलांपैकी १०० कंदील शहरासाठी राखून ठेवायचे आणि बाहेरगावी ६५०च विकायचे.

नफा वहीत, पैसा रस्त्यात

रोकडीचा प्रश्न इथून सुरू होतो. ६५० ऑर्डरींपैकी ४० टक्के, म्हणजे २६० ग्राहकांनी आधी पैसे भरले आणि ३९० जणांनी कॅश ऑन डिलिव्हरी निवडली. आधी भरलेले पैसे पेमेंट गेटवेकडून साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत बँकेत येतात. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे मात्र कुरिअर कंपनीच्या हातात असतात आणि ते डिलिव्हरीनंतर करारात ठरलेल्या दिवशी मिळतात. इथे आठवा दिवस धरू. २० ऑक्टोबरला आलेली ऑर्डर २१ला निघाली, २६ला पोहोचली आणि तिचे पैसे ३ नोव्हेंबरला आले. म्हणजे ऑर्डर आणि पैसा यांच्यात चौदा दिवसांचे अंतर पडले. २८ ऑक्टोबरच्या ऑर्डरीचे पैसे तर भाऊबीज, म्हणजे ११ नोव्हेंबर उलटल्यावर येतात. मधे ८ला रविवार आणि १०ला पाडव्याची बँकेची सुट्टी आहे, त्यामुळे एखादा दिवस आणखी.

आता २८ ऑक्टोबरच्या रात्रीची स्थिती पाहू. ७५० कंदिलांचे १,४२,५०० रुपये कारागिराला गेले आहेत. पॅकिंगचे १५,००० गेले. कुरिअरचे वॉलेट आधी भरावे लागते, त्यात ४८,७५० गेले आणि जाहिरात वगैरेंवर ३५,७५०. एकूण बाहेर गेले २,४२,०००. आत काय आले? आधी पैसे भरणाऱ्यांचे, शेवटचे दोन दिवस सोडून, सुमारे एक लाख. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे फक्त २० तारखेपर्यंत पोहोचलेल्या पार्सलांचे, म्हणजे सुमारे ३०,०००. हाताशी १,१२,००० रुपयांचा खड्डा आहे आणि तोही विक्री अगदी अंदाजाप्रमाणे झालेली असताना. याच ६५० ऑर्डरींवर वहीत सुमारे ५३,००० रुपये नफा दिसेल. विक्री आणखी वाढली तर हा खड्डा आणखी खोल होतो, कारण खर्च आज होतो आणि पैसे चौदा दिवसांनी येतात. हंगामाच्या ऐन मध्यावर कुरिअरचे वॉलेट रिकामे होऊन लेबल निघेनासे होते, ते याचमुळे; ऑर्डरी मात्र येतच राहतात.

खड्डा भरण्याचे तीन मार्ग साधारणपणे समोर येतात आणि त्यांची किंमत सारखी नसते. समजा, कारागीर पहिल्या खेपेसाठी दीड महिन्याची उधारी द्यायला तयार आहे, पण नगामागे ५ रुपये जास्त घेतो. पाच रुपये किरकोळ वाटतात, पण १९० रुपयांवर दीड महिन्यासाठी ५ म्हणजे वर्षाला सुमारे २१ टक्के व्याज झाले. बँकेची कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टची सोय १२ टक्क्यांनी मिळत असेल, तर १,१२,००० रुपयांना महिन्याला १,१२० रुपये पडतात; पण ती मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून अर्ज पावसाळ्यातच द्यावा. तिसरा मार्ग कुरिअरकडून पैसे लवकर घेण्याचा आहे. त्यासाठी ते काही टक्के कापतात आणि तो दर करारात पाहूनच ठरवावे.

माझ्या मते या तिन्हींच्या आधी कॅश ऑन डिलिव्हरी कमी करण्याकडे पाहावे. परत आलेल्या पार्सलाचे गणित फार कडू असते. जातानाचे ७५, येतानाचे समजा ६०, पॅकिंगचे २० आणि जाहिरातीचे ५५, असे २१० रुपये बुडतात आणि कंदील दिवाळी झाल्यावर घरी येतो. एक पार्सल परत आले की जवळजवळ दोन पोहोचलेल्या कंदिलांचा नफा जातो. शंभरातली पंधरा पार्सले परत येत असतील, तर कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरीमागे सरासरी ६२ रुपयेच हाती लागतात. आधी पैसे भरणाऱ्याला ३० रुपये सूट दिली, तरी ८० रुपये उरतात आणि ते दोन दिवसांत बँकेत असतात. तेव्हा ही सूट दिल्याने नुकसान होत नाही. दूरच्या पिनकोडसाठी शेवटच्या आठवड्यात कॅश ऑन डिलिव्हरी बंदच ठेवावी, कारण तिथून परत निघालेला कंदील पुन्हा विकायला वेळ उरत नाही.

खोक्याच्या मापातही पैसे गळतात. कुरिअर कंपन्या वजनासोबत आकारमानही मोजतात आणि जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला ५,००० ने भागायचे, हे नेहमीचे सूत्र आहे. घडी घातलेला कंदील प्रत्यक्षात पाव किलोही भरत नाही. पण खोका ३० × ३० × ६चा असेल, तर आकारमानाचे वजन १.०८ किलो येते आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी आकारणी असेल, तर ते दीड किलोत जाते. तोच खोका ३० × २७ × ६चा केला, की ०.९७ किलो येते आणि एक किलोत बसते. मात्र माल कोंबून झाकण फुगले आणि उंची ७ झाली, तर हाही खोका १.१३ किलोवर जातो. ही वाढीव आकारणी काही दिवसांनी पॅनेलवर येते आणि हरकत घ्यायला मुदत असते, म्हणून भरलेल्या खोक्याला मोजपट्टी लावून काढलेला फोटो आधीच जवळ ठेवावा.

वर बाजूला ठेवलेला जीएसटी शेवटी समोर येतोच. ग्राहकाकडून घेतलेला कर नोव्हेंबरच्या सुरुवातीला खात्यात विक्रीच्या पैशांबरोबर पडून असतो आणि आपलाच वाटतो. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला ऑक्टोबरच्या विक्रीवरील कर २० नोव्हेंबरपर्यंत भरावा लागतो. तिमाही विवरणपत्राची योजना घेतली असेल, तर ऑक्टोबरचा भरणा २५ नोव्हेंबरपर्यंत. बिल ऑक्टोबरमधले असेल, तर कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे अजून हाती आले नसले तरी त्यावरचा कर ऑक्टोबरचाच धरला जातो. परत आलेल्या पार्सलांसाठी क्रेडिट नोट काढली, तरच तो कमी होतो. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळण्यासाठी पुरवठादाराचे बिल जीएसटीआर-२बी या पोर्टलवरच्या खरेदीच्या विवरणात दिसावे लागते, आणि नोंदणी नसलेल्या कारागिराकडून माल घेतला असेल तर वजावट मिळतच नाही, त्यामुळे विक्रीवरचा जवळजवळ पूर्ण कर रोखीने भरावा लागतो. ही रक्कम हंगामाच्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात टाकत जावी आणि २८ ऑक्टोबरच्या खड्ड्याचा हिशेब करताना ती हाताशी आहे असे धरू नये.